पाणथरी काढलेल्या माणसाचा ताप

समजा, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारा एक तिशीतला तरुण आहे. सहा वर्षांपूर्वी त्याची दुचाकी घसरली, हँडल डाव्या बरगड्यांखाली बसलं आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटली. रक्त थांबेना म्हणून ती काढावी लागली. पोटावरचा उभा व्रण सोडला तर तो ते विसरूनही गेलाय. आज संध्याकाळी सात वाजता त्याला हुडहुडी भरून ताप आला. घरचे म्हणतात, तापाची गोळी घे, सकाळी बघू.

त्याच्या बाबतीत सकाळ फार उशिराची ठरू शकते.

न्यूमोकॉकससारख्या काही जिवाणूंच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं बुळबुळीत आवरण असतं. रक्तातल्या भक्षक पेशींना ते धड पकडता येत नाहीत. पाणथरीत मात्र रक्त अगदी सावकाश झिरपतं, त्यामुळे तिथल्या भक्षक पेशींना ते टिपायला सवड मिळते. शिवाय या आवरणावर चटकन प्रतिपिंडं बनवणाऱ्या खास पेशीही तिथेच असतात. पाणथरी गेली की दोन्ही गेलं. मग जिवाणू रक्तात बिनबोभाट वाढतात. सुरुवातीला साधा ताप, अंगदुखी, उलटी, कधी जुलाब, म्हणजे कुणालाही फ्लूच वाटावा असं. पुढे काही तासांत रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात, अंगावर जांभळे डाग उठतात. असा संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर उपचार करूनही निम्म्यापर्यंत रुग्ण दगावल्याचं नोंदलेलं आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत धोका जास्त असतो, पण तो पुरता कधीच संपत नाही.

लस इथे काय करते? प्रतिपिंडं आधीच तयार ठेवते. ती चिकटलेला जिवाणू यकृतातल्या भक्षक पेशींनाही पकडता येतो. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या तीन आवरणवाल्या जिवाणूंविरुद्धच्या लशी, शिवाय दरवर्षी फ्लूची. शस्त्रक्रिया ठरवून असेल तर लशी निदान दोन आठवडे आधी द्याव्यात. अपघातात तशी सवड नसते, म्हणून शक्यतो दोन आठवड्यांनी. काहींचे डोस पुढे पुन्हा घ्यावे लागतात. नेमकं इथेच घोडं अडतं, कारण टाके काढले की माणूस पुन्हा फिरकत नाही. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेली एक ओळ कोण वाचतो?

पण या जिवाणूंचे प्रकार अनेक, लशीत त्यातले काहीच. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली अँटिबायोटिकची गोळी, बहुधा अमॉक्सिसिलिनच्या कुळातली, घरात आणि प्रवासाच्या पिशवीत तयार हवी. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरी. आपल्या तरुणाने सात वाजताच पहिला डोस घ्यायचा आणि लगेच रिक्षा पकडायची. ताप उतरतोय का हे घरी बसून बघायचं नाही. गोळी फक्त वाटेतला वेळ सांभाळते. कुत्रा चावला तर ताप नसतानाही लगेच डॉक्टर गाठायचा.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर ‘ताप आलाय’च्या आधी त्याने सांगायचं वाक्य: ‘माझी पाणथरी काढलेली आहे.’ ते ऐकलं की रक्ताच्या कल्चरचा नमुना घेऊन, रिपोर्टची वाट न बघता, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात.