हट्ट कधी 'डिसऑर्डर' झाला, आणि आईबापांना ट्रेनिंग का द्यायला लागले

दोन-तीन वर्षांचं पोरगं 'नाही' म्हणतंच, ते सगळ्यांना माहितीये. प्रश्न कुठपर्यंतचं 'नाही' नॉर्मल धरायचं हा आहे. मानसिक विकारांच्या 1980 च्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये 'ऑपोझिशनल डिसऑर्डर', म्हणजे सतत विरोध करण्याचा विकार, हे निदान पहिल्यांदा आलं तेव्हा पाचपैकी दोनच लक्षणं पुरायची, आणि त्यात चक्क हट्टीपणा पण होता. म्हणजे अर्धी बालवाडी आत बसली असती. 1987 मध्ये नाव थोडं बदलून 'ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर' केलं, हट्टीपणा काढला, नऊपैकी पाच लक्षणं केली, 1994 मध्ये आठपैकी चार. पण प्रत्येक लक्षणापुढे 'वारंवार' एवढंच, आणि वारंवार म्हणजे किती हे ज्याचं त्याने ठरवायचं.

ते 2013 मध्ये पहिल्यांदा आकड्यात सांगितलं. पाच वर्षांखालच्या मुलात सहा महिने बहुतेक दिवशी दिसायला हवं, पाचच्या वर आठवड्यातून एकदा तरी. शिवाय भांडण फक्त भावंडाशीच होत असेल तर ते धरायचं नाही. यावर वाद झाला तो साहजिकच आहे, कारण तीन वर्षांचं मूल रोज चिडतंच, त्यामुळे नुसत्या आकड्याने भागत नाही. माझ्या मते खरी खूण वेगळी आहे: लक्ष दुसरीकडे वळवलं की साधा हट्ट विरतो, आणि मूल पाळणाघरात किंवा आजीकडे बऱ्यापैकी ऐकतं. जिथे चीड दिवसभर टिकते, सगळीकडे दिसते आणि त्यापायी मूल खेळातून, शाळेतून बाहेर पडायला लागतं, तिथे मदत घ्यायला थांबू नये.

पालकांच्या ट्रेनिंगची वाट मात्र निदानाच्याही आधीची, 1960 च्या दशकातली. संशोधक घरोघरी बसून काय घडतं ते मिनिटामिनिटाला लिहून घ्यायचे, त्यातून एक चक्र सापडलं. आई म्हणते टीव्ही बंद कर, मूल किंचाळतं, आई थकून म्हणते बरं, अजून पाच मिनिटं, आणि मूल गप्प होतं. मूल शिकलं की ओरडलं की सुटका होते. आईही शिकली की सोडून दिलं की शांतता मिळते. दोघांनाही बक्षीस मिळालं, म्हणून उद्या ओरडणं अजून जोरात. यात आईची चूक शोधणं मला पटत नाही, ती अडकलीय.

म्हणून ट्रेनिंगची सुरुवात शिक्षेने होत नाही, आधी रोज काही मिनिटं मुलाच्या मनासारखा खेळ आणि चांगल्या वागण्याचं नेमकं कौतुक. मग सूचना एकच, छोटी, 'बंद करशील का?' न म्हणता 'टीव्ही बंद कर', आणि पाच सेकंद गप्प थांबायचं. ऐकलं तर लगेच कौतुक, नाही तर एक इशारा, तरी नाही तर तीनेक मिनिटांचा टाइम-आउट, तो संपला की तीच सूचना परत. टाइम-आउट म्हणजे लक्ष आणि मजा थोडा वेळ बंद, खोलीत कोंडणं नव्हे. इथेच बरीच घरं सोडून देतात, कारण दाद मिळत नाहीशी झाली की मूल काही दिवस आधीपेक्षा जास्त ओरडतं, आणि तेव्हाच माघार घेतली तर जास्त ओरडणंच शिकवलं जातं.