गुलाबी बिल्टीवरचे फिकट आकडे वाचायचे कसे

सोलापुरातून चादरींच्या गाठी ट्रान्सपोर्टने पाठवल्या की दुकानदाराच्या हातात बिल्टीची गुलाबी कॉपी येते, निळ्या कार्बनची, तीपण तिसरी-चौथी. वर्षभर फाईलीत राहिली की भाडं किती होतं तेसुद्धा नीट दिसत नाही. मग लोक काय करतात, ब्लॅक अँड व्हाईट स्कॅन मारतात, आणि तिथंच खेळ संपतो, कारण उरलेला फरक असतो रंगात आणि तोच आपण फेकून देतो.

स्कॅन कलरमध्येच करा, ३०० डीपीआय, पीएनजीत. समजा गुलाबी कागदाचे लाल-हिरवा-निळा आकडे २३५, १९०, २०० आहेत आणि पुसट अक्षराचे १९०, १६५, १९५. निळ्या चॅनलमध्ये फरक फक्त ५ चा, म्हणजे अक्षर गायबच. नेहमीच्या ग्रेस्केलमध्ये साधारण २९. पण नुसता लाल चॅनल घेतला तर ४५! गुलाबी कागद लाल प्रकाश भरपूर परत पाठवतो म्हणून तिथं पांढरा दिसतो, आणि निळी शाई लाल प्रकाश गिळते म्हणून काळपट दिसते. जिंप या चित्र सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये डीकंपोज केलं की तिन्ही चॅनल वेगळे मिळतात.

पुढचा त्रास म्हणजे घडीची सावली आणि कार्बनचे डाग. त्यासाठी त्याच चित्राची खूप ब्लर केलेली कॉपी काढायची आणि मूळ चित्राला तिने भागायचं, मग कागद सगळीकडे सारखा पांढरा होतो आणि त्यानंतरच कॉन्ट्रास्ट ताणायचा, आधी ताणला तर डागच गडद होतात. डॉट मॅट्रिक्सची छपाई असेल तर किंचित ब्लर देऊन ठिपके जोडून घ्या, नाहीतर चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या ओसीआरला ८ चा ३ दिसतो.

तो दिसला तर कळणार कसं? बेरीज करून. ओसीआरने भाडं १३४०, हमाली १२०, बिल्टी चार्ज ५० वाचलं, बेरीज १५१०, पण खाली एकूण २०१०. फरक बरोबर ५००, म्हणजे शतकाच्या घरात ३ नाही, ८ असणार, भाडं १८४०. तरी स्कॅन मोठा करून डोळ्यानं बघाच, कारण एकूणचा आकडाही चुकीचा वाचलेला असू शकतो. तारीख आणि बिल्टी नंबरला तर बेरजेचा आधारच नाही, ते दोनदा वाचायचे. हातानं लिहिलेल्या कॉपीवर ओसीआरचा फार भरवसा नको, तिथं टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरा, पेनाच्या दाबाच्या खाचा दिसतात.

थर्मल पावतीची गोष्ट वेगळी, तिथं शाई नसतेच. कागदातला रंगहीन डाय उष्णतेनं डेव्हलपरशी मिसळून काळा होतो, आणि तेल किंवा पीव्हीसी पाकिटातलं प्लास्टिसायझर लागलं की परत रंगहीन होतो. तिन्ही चॅनल बघून ज्यात जास्त दिसेल तो घ्या. हेअर ड्रायरने कागद काळपट करून अक्षर पांढरं काढायची युक्ती कधी चालते, पण ती उलटवता येत नाही, म्हणून स्कॅन झाल्याशिवाय नकोच. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पावती गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर ड्रायरचं काम ऊनच करून टाकतं, अख्खा कागद काळा.