झेड स्कोअर आणि ताळेबंदात लपलेली उधारी

कंपनी बुडण्याआधी तिच्या ताळेबंदात काही लक्षणे दिसू लागतात, हे कर्ज देणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. मात्र नफा बरा असून कर्ज डोईजड असेल, तर कशाला किती वजन द्यायचे, हे बहुधा ज्याच्या त्याच्या अनुभवावर सोडलेले असे. १९६८ मध्ये एडवर्ड ऑल्टमन या अमेरिकी अभ्यासकाने दिवाळखोरीत गेलेल्या ३३ आणि टिकून राहिलेल्या ३३ उत्पादक कंपन्या घेतल्या, त्यांची २२ गुणोत्तरे तपासली आणि हे दोन गट एकत्रितपणे सर्वांत चांगले वेगळे करणारी पाच निवडून त्यांची वजनांसह बेरीज केली. हाच झेड स्कोअर. मूळ सूत्राला शेअरचा बाजारभाव लागतो आणि भोसरी-चाकणच्या बहुतेक प्रायव्हेट लिमिटेड कारखान्यांना तो नसतोच. अशा कंपन्यांसाठी ऑल्टमन यांनीच पुढे बदललेले सूत्र दिले:

```
Z' = 0.717 X1 + 0.847 X2 + 3.107 X3 + 0.420 X4 + 0.998 X5
```

पहिली तीन गुणोत्तरे म्हणजे खेळते भांडवल, साठलेला नफा आणि व्याज व कर भरण्यापूर्वीचा नफा यांना एकूण मालमत्तेने भागून येणारे आकडे. चौथे गुणोत्तर मालकांचे पुस्तकी भांडवल आणि एकूण देणी यांचे, तर पाचवे विक्री आणि एकूण मालमत्ता यांचे. बेरीज २.९ च्या वर गेली तर कंपनी सुरक्षित मानतात आणि १.२३ च्या खाली आली तर धोक्यात. मधला पट्टा अनिश्चित.

आता समजा, भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. त्याची एकूण मालमत्ता १० कोटी रुपये, चालू मालमत्ता साडेपाच कोटी, चालू देणी साडेचार कोटी, म्हणजे खेळते भांडवल एक कोटी, साठलेला नफा दीड कोटी, व्याज-करापूर्वीचा नफा ६० लाख, मालकांचे भांडवल अडीच कोटी, एकूण देणी साडेसात कोटी आणि विक्री १३ कोटी. हे आकडे सूत्रात घातले की बेरीज १.८२ येते, म्हणजे कारखाना मधल्या पट्ट्यात बसतो. पण या १.८२ पैकी १.३० एकट्या विक्रीच्या गुणोत्तरातून आले आहेत, आणि सूत्राची खरी कमजोरी मला इथे दिसते. विक्री व्यवसायाच्या प्रकारानुसार फार बदलते. गोदामातून माल फिरवणारा व्यापारी तेवढ्यावरच निरोगी ठरू शकतो. उत्पादन न करणाऱ्या कंपन्यांसाठी केलेल्या आणखी एका आवृत्तीत ऑल्टमन यांनी हे गुणोत्तर गाळूनच टाकले.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. या कारखान्याच्या चालू मालमत्तेत एका मोठ्या ग्राहकाकडून येणे असलेले दोन कोटी रुपये आहेत आणि ते दीड वर्षापासून थकले आहेत, असे धरू. जोवर ती रक्कम बुडीत दाखवलेली नाही, तोवर सूत्र तिला खेळते भांडवलच समजते. ती बुडीत खाती टाकली की मालमत्ता आठ कोटींवर येते, खेळते भांडवल उणे एक कोटी होते, साठलेला नफा उणे ५० लाखांवर जातो, वर्षाचा नफा १ कोटी ४० लाखांच्या तोट्यात बदलतो, मालकांचे भांडवल जेमतेम ५० लाख उरते आणि बेरीज ०.९६ वर घसरते. कारखान्यात त्या दिवशी काहीही बदललेले नसते. बदलते ती फक्त नोंद. गंमत म्हणजे मालमत्ता घटल्यामुळे विक्रीचे गुणोत्तर उलट १.३० वरून १.६२ वर चढते. ते चढले नसते, तर बेरीज ०.६४ च्या आसपास आली असती.

अचूकतेचे आकडेही जपून वाचावेत. ज्या कंपन्यांवरून मूळ सूत्र बेतले, त्यांच्यापैकी ९५ टक्के कंपन्यांचे वर्गीकरण दिवाळखोरीच्या एक वर्ष आधीच्या आकड्यांवरून बरोबर आले. दोन वर्षे आधीचे आकडे घेतल्यावर हे प्रमाण ७२ टक्क्यांवर आले. शिवाय त्या नमुन्यात निम्म्या कंपन्या दिवाळखोर होत्या, जे बाजारात कधीच नसते. समजा, १,००० कंपन्यांपैकी वर्षभरात ३० बुडणार आहेत, सूत्र त्यातल्या २७ पकडते आणि उरलेल्या ९७० पैकी १५ टक्क्यांवर चुकीचा ठपका ठेवते. मग धोक्याच्या यादीत सुमारे १७३ नावे येतील आणि त्यातली जवळपास १४६ त्या वर्षी बुडणारच नाहीत. अशी यादी कोणाची वही आधी उघडायची हे ठरवायला उपयोगी पडते, पण तेवढ्यावर कोणाचे कर्ज नाकारणे अन्यायाचे होईल. नव्या कंपन्यांवर हा अन्याय जास्त होतो, कारण त्यांना नफा साठवायला वर्षेच मिळालेली नसतात.

आपल्याकडे थकलेल्या उधारीपुरता एक सोपा उपाय हाताशी आहे. २०२१ पासून कंपन्यांना ताळेबंदाच्या टिपांमध्ये येणे रकमांची वयानुसार विभागणी द्यावी लागते: सहा महिन्यांच्या आतील, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन वर्षे, दोन ते तीन वर्षे आणि त्याहून जुनी. स्कोअर काढण्यापूर्वी ही टीप उघडावी, एक वर्षाहून जुनी आणि अजून तरतूद न केलेली रक्कम मालमत्ता, खेळते भांडवल, साठलेला नफा, वर्षाचा नफा आणि मालकांचे भांडवल यांतून वजा करावी आणि बेरीज पुन्हा करून पाहावी. दोन बेरजांमधले अंतर मोठे असेल, तर त्या ग्राहकाच्या खात्याचा उतारा मागवावा आणि शेवटचा पैसा कोणत्या तारखेला जमा झाला ते पाहावे.