चौकोनी खोलीवर गोल घुमट: स्क्विंच आणि पेंडेंटिव्ह

दहा मीटर बाजूच्या चौरस खोलीवर दहा मीटर व्यासाचा घुमट ठेवायचा आहे असं धरा. त्याची कडा प्रत्येक भिंतीच्या फक्त मध्यावर टेकेल. कोपऱ्यांत कडेखाली आधारच नसेल. तिथे कोपरा कडेपासून दोन मीटरहून थोडा जास्त लांब राहतो. ही पोकळी भरण्याच्या दोन रीती आहेत. दोन्ही खालून बघताना सारख्याच भासतात, म्हणून त्यांची नेहमी गल्लत होते.

स्क्विंच म्हणजे कोपऱ्यावर तिरकी टाकलेली कमान. अशा चार कमानींनी चौरसाचा अष्टकोन होतो, आणि दोन मीटरची पोकळी जेमतेम 41 सेंटिमीटरवर येते. तेवढं अंतर दगडाचे थर थोडे थोडे पुढे काढून भरता येतं. इराणमध्ये फिरुजाबादच्या अर्दशिरच्या राजवाड्यात तिसऱ्या शतकातले स्क्विंच आहेत. दिल्लीला कुतुबच्या आवारात इल्तुतमिशच्या कबरीवरचा घुमट आज नाही, पण कोपऱ्यांतले स्क्विंच शाबूत आहेत. ही रचना समजून घ्यायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. यात भार भिंतींमध्ये उतरतो, त्यामुळे भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि त्यांत मोठी मोकळी जागा सोडता येत नाही.

पेंडेंटिव्ह म्हणजे कमान नव्हे, तो गोलाचा तुकडा असतो. खोलीच्या कर्णाइतक्या, म्हणजे सुमारे 14.14 मीटर व्यासाचा अर्धगोल खोलीवर पालथा घाला. भिंतींच्या रेषेत तो चारी बाजूंनी उभा कापला की चार अर्धवर्तुळाकार कमानी मिळतात. त्यांच्या माथ्यावर आडवा काप दिला की बरोबर दहा मीटरचं वर्तुळ उरतं. कोपऱ्यांत राहिलेले, टोक खाली असलेले चार वक्र त्रिकोण म्हणजेच पेंडेंटिव्ह. घुमटाचा भार त्यांतून चार खांबांवर येतो आणि मधल्या भिंती काढून टाकता येतात.

या मोकळेपणाची किंमत इस्तंबूलच्या हागिया सोफियाने मोजली. 537 साली पूर्ण झालेल्या या वास्तूचा सुमारे 31 मीटरचा घुमट फार उथळ होता. उथळ घुमट बाहेर जोराने रेटतो. पूर्व-पश्चिमेला तो रेटा अर्धघुमटांनी पेलला, पण उत्तर-दक्षिणेला तसा आधार नव्हता. भूकंपानंतर 558 मध्ये घुमट कोसळला. धाकट्या इसिडोरसने नवा घुमट सुमारे सहा मीटर उंच केला, कारण उंची वाढली की रेटा कमी होतो.

विजापूरच्या गोलघुमटात मात्र ओळखताना खरी कसोटी लागते. तिथे आठ कमानी एकमेकींना छेदतात, काही कोपऱ्यांवरून तिरक्या जातात, म्हणून तो स्क्विंच वाटतो. पण कमानींच्या मधले वक्र पृष्ठभाग बघा: ते आत झुकत जाऊन वर वर्तुळ धरतात, म्हणजे हे पेंडेंटिव्हच. खोली सुमारे 41 मीटरची आणि घुमट आतून 38 मीटरचा, त्यामुळे घुमटाची आतली कडा भिंतींच्या थोडी आत येते. आत झुकलेल्या त्या दगडकामाचं वजन आतल्या बाजूला ओढतं आणि घुमटाचा बाहेरचा रेटा बऱ्याच अंशी तिथेच जिरतो.