लोड घेणारी मोटर आणि ‘विषय हार्ड’

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वाइंडिंगच्या दुकानात ऐकलेला संवाद आहे. नदीकाठच्या गावचा एक शेतकरी पंपाची मोटर टेंपोत घालून आला होता. ऊस पाण्याला आलेला आणि मोटर ऐन वेळी दगा देत होती. त्याची तक्रार एवढीच, “मिस्त्री, मोटर लोड घेईना.” मोकळी सोडली तर फिरायची, पण पंप जोडून पाणी उचलायची वेळ आली की गुरगुरायची, तापायची आणि स्टार्टर ट्रिप व्हायचा. मिस्त्रींनी शाफ्ट हातानं फिरवून बघितला, बेअरिंगपाशी कान नेला आणि मग त्या माणसाचा उतरलेला चेहरा बघून म्हणाले, “पावणं, मोटर लोड घेईना म्हणून तुम्ही घेतलाय व्हय?”

दुकानातली सगळी हसली, पाहुणेही हसले. इंग्रजी शब्द मराठी वाक्यात आला की गंमत होते, असं आपण सहज म्हणून जातो. पण ही गंमत नेमकी कुठं आहे ते या एका वाक्यात दिसतं. ‘मोटर’ कधीच आपली झाली, त्यामुळं त्यात परका वाटणारा इंग्रजी शब्द एकच आहे, आणि तोही शेतकऱ्याच्या तोंडून आधी येऊन गेला होता तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

त्याच वाक्यात ‘लोड’च्या जागी मराठी शब्द घालून बघा: मोटर भार घेईना म्हणून तुम्ही भार घेतलाय का? अर्थ कळतो, हसू येत नाही. ‘भार’ हा शब्द मराठीत पूर्वीपासून दोन्हीकडं वावरतो. डोक्यावर भार असतो, मनावरही असतो, धरणीलाही होतो. त्यामुळं यंत्रावरून माणसावर जाताना उडी मारावी लागत नाही. ‘लोड’चं तसं नाही. तो कारखान्यातून आला, मोटर, इंजिन आणि ट्रक यांच्यासाठी आला. माणसाला लावला की माणूस क्षणभर कामाच्या टेबलावर मोटरशेजारी जाऊन बसतो. उडी ती ही. पण नुसती उडी असती तर वाक्य तुटलं असतं. ते सांधून धरतं ‘घेणे’ हे मराठी क्रियापद. मोटर लोड घेते आणि माणूस गोष्ट मनावर घेतो. ‘मनावर घेऊ नको’ हा जुना साचा कानात पक्का बसलेला असतो, म्हणून ‘लोड घेऊ नको’ पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही समजावून सांगावं लागत नाही. नवेपणा इंग्रजी शब्दाचा असतो, पण तो कळतो मराठी क्रियापदामुळं.

परके शब्द आणि ते आले म्हणून होणारी चिंता, दोन्ही आपल्याकडं जुनी आहेत. कारभाराच्या मराठीत फारसी शब्द फार झाले म्हणून शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करून घेतला. त्यातले अनेक फारसी शब्द तरीही टिकले. दप्तर, फिर्याद, जप्ती हे शब्द आज कसबा बावड्यातला माणूस बोलतो तेव्हा आपण परकं काही बोलतोय असं त्याच्या मनातही येत नाही. आणि म्हणूनच त्यांत विनोद उरलेला नाही. मिश्रणातल्या हसण्याला आयुष्य असतं. शब्दाचा परकेपणा जाणवतो तोवर ते जगतं. टेबल, बस, पेन हे शब्द त्या हद्दीपलीकडं कधीच गेले.

कोल्हापुरात इंग्रजी दोन दारांनी आली, आणि या दोन दारांमुळं इथल्या विनोदाची दिशाच बदलली असं मला ठामपणे वाटतं.

पहिलं दार कॉलेजचं आणि कचेरीचं. राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झालं. संस्थानाच्या नोकऱ्या, कोर्ट, वकिली यांच्याबरोबर पुस्तकातली इंग्रजी आली आणि ती थोड्यांच्या हातात राहिली. त्या काळात मराठी मुलखात सगळीकडंच इंग्रजी शिकलेल्या, निम्मंअर्धं इंग्रजी बोलणाऱ्या बाबूची टर उडवणारी प्रहसनं रंगत होती. त्या हसण्यात बोलणारा एकीकडं आणि हसणारे दुसरीकडं होते. त्याला आपली भाषा धड बोलता येत नाही, असा तो आरोप होता.

याच राजाराम कॉलेजात माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, फारसी शिकवत असत. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला. पुढं हेच गृहस्थ भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. परक्या शब्दाची गोडी ज्यांना सगळ्यात जास्त कळत होती त्यांनीच तो बाजूला ठेवावा असं म्हटलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भाषाशुद्धीचा आग्रह अडाणीपणातून आला नव्हता. पण तो आग्रह लेखी, शिष्ट मराठीपुरता होता, आणि तोवर गावात दुसरं दार उघडलेलं होतं.

ते दार यंत्राचं. १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली. रुळांबरोबर स्टेशन, सिग्नल, तिकीट आलं. बोलीनं ते आपल्या नियमांत बसवून घेतलं. शब्दाच्या सुरुवातीला ‘स्’ला चिकटून दुसरं व्यंजन आलं की पुढं ‘इ’ लावायचा, म्हणून इष्टेशन आणि इस्कूल. सुरुवातीच्या ‘ए’चा ‘य’ करायचा, म्हणून एकचं येक आणि १९४८ साली धावू लागलेल्या एसटीची यष्टी. तिला स्त्रीलिंग मिळालं, कारण ती गाडी. फाईलही स्त्रीलिंगी झाली आणि तिचं अनेकवचन फायली झालं. हे सगळं चुकत नव्हतं, नियमानं चाललं होतं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळं अक्षरओळख खाली झिरपली. पण इंग्रजी शब्द अंगवळणी पडले ते मात्र हातानं काम करता करता. तेल इंजिनं, उसाचे चरक, ओतकाम आणि सुटे भाग यांच्या धंद्यात जॉब, ट्रायल, गिअर, लोड, फेल हे शब्द पोरगं लेथपाशी उभं राहून शिकलं. त्याला स्पेलिंग येत नसेल, पण ट्रायल फेल गेली म्हणजे काय झालं, ते त्याला कुठल्याही पदवीधरापेक्षा नीट कळत होतं.

शब्दावर अशी मालकी आली की तो उच्चारताना संकोच राहत नाही. प्रहसनातल्या बाबूला लोक हसत. उद्यमनगरचा मिस्त्री स्वतः हसवतो, आणि शब्दाच्या खऱ्या अर्थाच्या जोरावर हसवतो.

आता कोल्हापूरची म्हणून ओळखली जाणारी दोन शब्दांची दाद घेऊ: ‘विषय हार्ड’. कुस्तीत कुणी डाव मारला, कुणी नवी गाडी रंकाळ्यावर आणली, रश्श्याला चांगला जाळ आला, की कुणीतरी म्हणतो, “विषय हार्ड, भावा!” हे कुठून आलं याच्या कहाण्या मी खोदत बसत नाही, घडण मात्र उघड दिसते. ‘विषय कठीण आहे’ ही विद्यार्थ्याची तक्रार आहे. ‘हार्ड विषय आहे’ हीही तक्रारच. शब्द उलटे ठेवले आणि ‘आहे’ काढून टाकलं की तक्रारीची दाद होते. याला कारण आहे. कोल्हापुरी बोलीत दादेचा साचा आधीपासून तयार होता: ‘नाद खुळा’. एक नाम, त्यापुढं एक विशेषण, क्रियापद नाही. ‘काटा किर्र’ही त्याच बांध्याचा. ‘हार्ड’ त्या साच्यात जाऊन बसला.

आणखी एक सोय आहे. ‘खुळा’ला लिंगाप्रमाणे बदलावं लागतं, खुळी, खुळं असं. ‘भारी’ला लागत नाही, आणि ‘हार्ड’लाही नाही. तो कशालाही जसाच्या तसा चिकटतो. शिवाय शेवटचा ‘र्ड’ जोर देऊन तोडता येतो, जसा ‘किर्र’ लांबवता येतो. ‘विषय डिफिकल्ट’ कुणी का म्हणत नाही, याचं उत्तर मला इथं सापडतं. अर्थ जवळचाच, पण तीन अक्षरांत आघात विरघळून जातो.

दादेइतकंच कसब एखाद्या गोष्टीचा डौल उतरवण्यातही आहे. ‘मीटिंग’ हा वजनदार शब्द आहे, साहेब मीटिंगमध्ये असतात. त्याला चहाबिहा, पाऊसबिऊस या चालीवर शेपूट लावा: “मीटिंगबिटिंग हाय म्हणं त्यास्नी.” ‘बि’ लावून केलेली ही पुनरुक्ती ‘आणि असंच काहीबाही’ एवढंच सांगते, पण कचेरीतला शब्द तिच्यामुळं कट्ट्यावर येऊन बसतो. शेवटी लागणारा ‘की’ही असाच. “उद्या येणार न्हवं?” “कन्फर्म की!” यातला ‘कन्फर्म’ तिकिटाच्या खिडकीवरचा आणि ‘की’ घरातला. जवळीक आणतो तो ‘की’.

यातून एक खूण हाती लागते. वाक्याची चौकट मराठीची असते: प्रत्यय, क्रियापदं, शब्दक्रम, शेवटचा हेल. इंग्रजी शब्द त्या चौकटीत एका जागेवर येतो, आणि ती जागा बहुधा नामाची किंवा विशेषणाची असते. इंग्रजी क्रियापद थेट मराठी प्रत्यय घेत नाही, त्याला ‘करणे’ किंवा ‘होणे’ यांचा हात धरावा लागतो: ॲडजस्ट केलं, ट्रिप झाला. कुणी ‘गुगलून बघ’ म्हणतं तेव्हा हसू येतं, कारण हा नियम मुद्दाम मोडलेला असतो.

चौकटच इंग्रजी झाली की गंमत संपते. “आय मीन, मला अ‍ॅक्च्युअली असं फील होतं की धिस इज नॉट राइट” या वाक्यात शब्द भरपूर मिसळलेत, पण एकाही शब्दाला मराठी साच्यात नवी जागा मिळालेली नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसतं जाणं-येणं चाललंय. ऐकणारा फार तर बोलणाऱ्याला हसेल, म्हणजे आपण परत प्रहसनातल्या बाबूपाशी आलो.

दुसरा धोका यापेक्षा वाईट आहे. ‘इष्टेशन’ म्हणणाऱ्या आजीच्या उच्चाराला हसणं हा मिश्रणाचा विनोद नाहीच. तिनं काही जुळवलेलं नाही, तिच्या बोलीच्या नियमानं ती बोलते. फरक ओळखायचा तर बोलणाऱ्याचा चेहरा बघावा. हसवायचं त्याच्या मनात होतं का, आणि सगळ्यांबरोबर तोही हसतोय का? शाळेत अशा उच्चारांवरून पोरांना उभं केलेलं मी पाहिलंय. त्यांतली काही नंतर वर्गात बोलायचीच थांबली, आणि ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

वाइंडिंगच्या दुकानातले पाहुणे मात्र मोकळेपणानं हसले होते. बेअरिंग गेलं होतं. मिस्त्रींनी ते बदलायला काढून ठेवलं, चहा सांगितला आणि पाहुणे उठायला लागल्यावर त्यांना म्हणाले, “मोटर उद्या सकाळी न्या. लोड तेवढा हितंच ठिवून जावा.”