मराठी फोनवरच बंद पडणारं ॲप, आणि हॉटफिक्स हळूहळू सोडायची गोष्ट

मंगळवारी संध्याकाळी बार्शीच्या एका किराणा दुकानदारांचा फोन आला, "अहो, वजन टाकलं की तुमचं ॲप बंदच पडतंय, गिऱ्हाईक उभंय समोर." आमचं ॲप दुकानदारांसाठी, उधारीचं खातं आणि बिल करायचं, रोज साधारण ६० हजार लोक वापरतात. आदल्या दिवशी आम्ही ४१२ नंबरचं व्हर्जन काढलं होतं, त्यात बिलाची नवी स्क्रीन, आणि ते अर्ध्या दिवसात १०० टक्के लोकांना देऊन मोकळे झालो होतो. ती आमची पहिली चूक.

क्रॅशचा रिपोर्ट उघडला तर ही एक ओळ शेकडो वेळा:

```
java.lang.NumberFormatException: For input string: "२.५०"
```

आकडे नीट बघा, देवनागरी आहेत. आमच्या कोडमध्ये हे होतं:

```kotlin
val text = String.format("%.2f", weight)
val kg = text.toDouble()
```

पहिली ओळ वजनाचा मजकूर बनवते, दुसरी त्या मजकुरातून परत आकडा काढते. फोनची भाषा इंग्लिश असेल तर पहिली ओळ 2.50 देते आणि सगळं सुरळीत चालतं. भाषा मराठी असेल तर तीच ओळ फोनच्या भाषेप्रमाणे २.५० असं लिहून देते, आणि दुसऱ्या ओळीला देवनागरी आकडे कळतच नाहीत, ती थेट हात वर करते आणि ॲप बंद. गंमत म्हणजे जुन्या स्क्रीनवर वजन ग्रॅममध्ये पूर्ण आकड्यात घ्यायचो, तिथे `Integer.parseInt` होतं आणि त्याला देवनागरी आकडे व्यवस्थित कळतात, म्हणून इतकी वर्षं हे कधी समोरच आलं नाही. आमच्या टीममध्ये सगळे मराठी, पण टेस्टिंगचे फोन सगळे इंग्लिशमध्ये.

दुरुस्ती एका शब्दाची, `String.format(Locale.ROOT, "%.2f", weight)` असं लिहिलं की फोनची भाषा कुठलीही असो, आकडे कायम इंग्लिश येतात. आता अशा वेळी हात शिवशिवतात, की एक शब्द तर बदलायचाय, बदला आणि द्या सोडून सगळ्यांना. पण इथेच खरी अडचण आहे. वेबसाइट बिघडली तर कालची फाइल परत चढवता येते, फोनवरचं ॲप तसं मागे घेता येत नाही. प्ले स्टोअरवर रोलआउट, म्हणजे नवं व्हर्जन लोकांना देणं, थांबवता येतो, पण ज्यांच्याकडे ते व्हर्जन पोचलं त्यांच्याकडे ते तसंच राहतं, जुन्या नंबरचं व्हर्जन त्यांना परत पाठवता येत नाही, पुढच्या नंबरचंच काढावं लागतं. म्हणजे घाईत काढलेली अशी तातडीची दुरुस्ती, जिला हॉटफिक्स म्हणतात, स्वतःच बिघडलेली निघाली तर ६० हजार लोक परत अडकणार, आणि तेही गूगल पुढचं व्हर्जन तपासून पास करेपर्यंत. म्हणून हॉटफिक्स सुद्धा आधी ५ टक्के लोकांना, मग २० टक्के, मग ५०, असा पायऱ्या पायऱ्यांनी द्यायचा, यालाच स्टेज्ड रोलआउट म्हणतात.

मग लगेच प्रश्न येतो, की ५ टक्के लोकांना दुरुस्ती दिली तर उरलेल्या ९५ टक्क्यांचं काय? त्यांनी दोन-तीन दिवस गिऱ्हाइकासमोर बंद पडणारं ॲप वापरायचं? हळू जावं तर लोक अडकतात, घाई करावी तर नवा घोळ व्हायची भीती. हा पेच फीचर फ्लॅगने सुटतो. फ्लॅग म्हणजे कोडमध्ये ठेवलेलं एक बटण, जे सर्व्हरवरून चालू-बंद करता येतं. नवी स्क्रीन दाखवायची की जुनी, हे ॲप सर्व्हरला विचारून ठरवतं आणि दोन्ही स्क्रीनचा कोड फोनवर आधीपासूनच असतो. आमच्या सीनियर मॅडमनी त्या संध्याकाळी पहिलं वाक्य हेच म्हटलं, "आधी बटण बंद करा, कोडला मग हात लावा." पावणेआठला फ्लॅग बंद केला, सगळ्यांना जुनी स्क्रीन. त्यामुळे दुरुस्ती सावकाश करायला आम्हाला वेळ मिळाला, आणि खरं सांगायचं तर फ्लॅगचा सगळा उपयोग याच्यातच आहे.

फक्त बटण दाबलं की लगेच दिवा विझला असं इथे होत नाही. असं बटण चालवायला आम्ही गूगलच्या फायरबेसचं रिमोट कॉन्फिग वापरतो, त्यात फोन एकदा विचारून आला की ठरलेल्या वेळेपर्यंत परत विचारत नाही, गूगलने मुळात ही वेळ १२ तास ठेवलेली आहे, आम्ही ती एक तासावर आणली होती. शिवाय आमच्या ॲपमध्ये आलेलं उत्तर पुढच्या वेळी ॲप उघडल्यावर लागू होतं. त्यामुळे क्रॅशचा आलेख पावणेआठला धाडकन खाली आला नाही, साडेनऊपर्यंत उतरत गेला, आणि ज्यांचं नेट बंद होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी सुटले.

आणि आमचं नशीब की क्रॅश आतल्या स्क्रीनवर होता. ॲप उघडताक्षणीच बंद पडत असतं तर फोनला सर्व्हरला विचारायची संधीच मिळाली नसती, मग बटण चालू काय आणि बंद काय. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर हेच झालं. त्यांनी एक बिघडलेली कॉन्फिग फाइल टप्पे न करता एकदम सगळीकडे पाठवली, ७८ मिनिटांत मागे पण घेतली, पण तोवर ज्या कॉम्प्युटरांनी ती उचलली ते चालू होता होताच पडत होते, नवी फाइल घ्यायला जिवंतच राहत नव्हते, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे असे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर होते. यावर एक साधा उपाय ॲपमध्ये करून ठेवता येतो. ॲप सुरू होताना फोनवरच एक आकडा एकने वाढवायचा आणि नीट सुरू झालं की तो शून्य करायचा, आकडा दोनच्या वर गेलेला दिसला तर कोणालाही न विचारता जुना रस्ता धरायचा.

आता ४१३ ची गोष्ट. ४१२ चा जो कोड लोकांकडे गेला होता त्यातूनच फांदी काढली, म्हणजे त्याची वेगळी प्रत घेतली, आणि तो एकच बदल केला. मधल्या दिवसांत बाकीच्यांनी केलेलं काम त्यात मुद्दाम घेतलं नाही, कारण काही बिघडलं तर कशाने बिघडलं हे कळलं पाहिजे. अजून एक गोष्ट केली, फ्लॅगची कोडमधली मूळ किंमत बंद अशी केली, म्हणजे सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत नव्या फोनवर जुनीच स्क्रीन दिसेल. आणि फ्लॅगला अट घातली, की बिल्ड नंबर ४१३ किंवा त्याच्या पुढचा असेल तरच चालू होऊ शकेल. ही अट विसरलात तर पुढच्या आठवड्यात "आता दुरुस्त झालंय" म्हणून फ्लॅग चालू कराल आणि ४१२ वर राहिलेले सगळे दुकानदार परत त्याच खड्ड्यात.

बुधवारी ४१३ फ्लॅग बंद ठेवूनच ५ टक्क्यांना दिलं. हे विचित्र वाटेल, दुरुस्ती द्यायची आणि ती चालूच करायची नाही, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, आधी नवं व्हर्जन स्वतः धड आहे का ते बघायचं. यात फसायला होतं ते तुलनेत. पहिल्या दिवशी अपडेट होणारे फोन बहुतेक वायफायवर चार्जिंगला लावलेले, बऱ्यापैकी नवे, मेमरीत जागा असलेले असतात, त्यांच्यावर कुठलंही व्हर्जन जरा बरंच दिसतं. म्हणून ४१३ च्या पहिल्या दिवसाची तुलना आजच्या ४१२ शी करायची नाही, ४१२ च्या आधीच्या एखाद्या चांगल्या व्हर्जनच्या पहिल्या दिवसाशी करायची. तसं बघितलं, ठीक होतं, गुरुवारी २० टक्के केलं, म्हणजे १२ हजार फोन.

मग त्या १२ हजारांपैकी १० टक्क्यांना फ्लॅग चालू केला. म्हणजे १,२०० जण. आमच्याकडे शंभरात तीनच फोन मराठीत आहेत, म्हणजे ३६, आणि दिवसभरात तिघांपैकी एकच जण ती वजनाची स्क्रीन उघडतो, म्हणजे उरले १२. ज्यांच्यासाठी एवढी धडपड चाललीय ते दिवसाला फक्त १२ जण! एकूण आकडा बघत बसलो असतो तर काहीही दिसलं नसतं. मूळ बिघाडात सुद्धा असंच होतं, क्रॅश अनुभवणारे रोजचे ०.२ टक्क्यांवरून १.२ वर गेले होते, प्ले स्टोअरची धोक्याची रेषा १.०९ टक्क्यांवर आहे, म्हणजे जेमतेम वर, पण मराठी फोनवाल्यांमध्ये तिघांपैकी एक जण पडत होता. सरासरीत असे लोक दिसेनासे होतात. म्हणून आम्ही रिपोर्टला चाळणी लावून ठेवली होती, फक्त ४१३, फक्त मराठी फोन.

दुपारी त्या चाळणीत दोन क्रॅश आले. तोच निरोप, "२.५०" च्या जातीचा. पहिल्यांदा विश्वासच बसेना, दुरुस्ती तर केली होती. दोन्ही फोन ४१२ वरून ४१३ वर आलेले होते, तिथे सापडलं. ४१२ क्रॅश होण्याच्या आधी अर्धवट बिल फोनवर सेव्ह करत होतं, देवनागरी आकड्यांसकट. ४१३ आता नवे आकडे बरोबर लिहीत होतं, पण ते जुनं अर्धवट बिल उघडलं की परत तिथेच येऊन आपटत होतं. आमच्या टेस्टच्या फोनवर ४१३ कोरं टाकलेलं, तिथे जुनं बिलच नव्हतं, मग दिसणार कुठून.

ठरवून ठेवलं होतं, की हा निरोप एकदा जरी परत दिसला तर थांबायचं. आधी ठरवलेलं असलं की बरं पडतं, ऐन वेळी "दोनच तर आहेत" असं कोणीतरी म्हणतंच. फ्लॅग बंद, ४१३ चा रोलआउट २० टक्क्यांवर थांबवला. फटका बसला दोन दुकानांना, एकदम सगळ्यांना दिलं असतं तर ज्यांच्या ज्यांच्या फोनवर असं अर्धवट बिल पडून होतं त्या प्रत्येकाला बसला असता. ४१४ मध्ये वाचतानाच देवनागरी आकडे इंग्लिशमध्ये बदलून घ्यायची सोय केली आणि यावेळी टेस्ट करताना मराठी फोनवर आधी ४१२ टाकून, बिल अर्धवट सोडून, मग वर ४१४ चढवलं. फ्लॅगची अटही ४१४ वर नेली. परत ५, २०, ५०, १००, चार दिवस लागले.

ॲपल वापरणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथे टक्के आपण ठरवत नाही, सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५०, १०० अशा ठरलेल्या पायऱ्या असतात, मध्ये थांबवता येतं, पण कोणी स्वतः ॲप स्टोअरवर जाऊन अपडेट दाबलं तर त्याला ते मिळतंच. म्हणजे तिथे भरवसा फ्लॅगवरच जास्त ठेवावा लागतो.

जुन्या स्क्रीनचा कोड आम्ही अजून काढलेला नाही. बार्शीच्या त्या दुकानदारांना परवा फोन केला तर त्यांच्या फोनमध्ये जागाच नाही, अपडेट होत नाही, ते अजून ४१२ वरच आहेत. फ्लॅग त्यांच्यासाठी बंद आहे. त्यांना जुनी स्क्रीन दिसते, वजन ग्रॅममध्ये टाकतात, बिल होतं.