मासा खाल्ल्यावर अंगावर पित्त का उठतं? या उत्तराला लागलेली ६५ वर्षं

ॲलर्जी म्हटलं की आज सगळे सरळ 'आयजीई वाढलंय' म्हणून मोकळे होतात, पण हे आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी रक्तातली अँटीबॉडी, सापडलं १९६६ च्या आसपास. त्याआधी कित्येक वर्षं डॉक्टरांना एवढंच माहीत होतं की रक्तात काहीतरी आहे, ते नक्की काय हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

सुरुवात १९०२ ची. फ्रान्समधले शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचून बघत होते, अंदाज असा की थोडं थोडं दिलं तर लस दिल्यासारखं संरक्षण तयार होईल. झालं उलटंच. पहिला डोस पचवून ठणठणीत झालेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी अगदी छोटा डोस दिला तर ते काही मिनिटांत धापा टाकायला लागलं आणि मेलं. जी यंत्रणा वाचवायला हवी तीच मारते हे पचायला जड होतं, आणि या कामासाठी रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं.

पण माझ्या मते खरा कमाल प्रयोग १९२१ चा. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना माशाची ॲलर्जी होती, त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना मासा बिनधास्त चालायचा. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनरच्या रक्ताचं थोडं सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेला द्रव, स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढ्याच जागी लालसर, खाजरी गांध उठली, बाकी कातडीला काही नाही. म्हणजे ॲलर्जी सीरममधून दुसऱ्याला देता येते, आणि ते जे काही आहे ते कातडीतच चिकटून बसतं, दुसऱ्या दिवसापर्यंतही जात नाही. ही पद्धत पुढे अनेक वर्षं टेस्ट म्हणून वापरली गेली, पण दुसऱ्याचं सीरम टोचायचं म्हणजे काविळीची भीती, त्यामुळे ती मागे पडली.

चिकटतं कशाला? तर मास्ट सेलला. ही पेशी पाउल एर्लिखनी १८७८ लाच रंगवून दाखवली होती, आत खच्चून भरलेले दाणे, पण उपयोग काय ते कळत नव्हतं. त्या दाण्यांत हिस्टामिन असतं हे १९५३ मध्ये रायली आणि वेस्ट यांनी दाखवलं. आणि चिकटणारी गोष्ट म्हणजे आयजीई, ती अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांनी वेगवेगळ्या वाटांनी शोधली, १९६८ ला नाव पक्कं झालं. रक्तात ही इतर अँटीबॉडींच्या मानाने इतकी कमी असते की इतका उशीर लागला यात नवल नाही.

आता क्युस्टनरचाच मासा घेऊन क्रमाने बघू. पहिल्यांदा माशातलं प्रोटीन शरीरात जातं, प्रतिकारशक्तीच्या टी पेशी त्याला शत्रू ठरवतात आणि इंटरल्युकिन-४ हा रासायनिक निरोप सोडून अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना आयजीई बनवायला लावतात, हे आयजीई मास्ट सेलवर जाऊन बसतं. त्रास काहीच नाही, म्हणूनच 'याआधी खाल्लं तेव्हा काही झालं नव्हतं' असं पेशंट म्हणतो ते खरंच असतं. पुढच्या वेळी माशाचं प्रोटीन आलं की एकच कण शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकत्र धरतो (एकाला धरून भागत नाही), पेशीत कॅल्शियम वाढतं आणि काही मिनिटांत दाणे बाहेर रिकामे होतात. हिस्टामिनमुळे बारीक रक्तवाहिन्या रुंद होऊन गळायला लागतात म्हणून सूज, मज्जातंतू चाळवतात म्हणून खाज, श्वासनळीचे स्नायू आवळतात म्हणून दम. त्याच पेशी मग ल्युकोट्राइन हे सूज आणि दम वाढवणारं रसायन ताजं बनवतात, आणि काही तासांनी इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जमून दुसरी लाट येऊ शकते.

गंमत म्हणजे जेल आणि कूम्ब्स यांनी प्रतिकारशक्तीच्या अशा उलटणाऱ्या प्रतिक्रियांचे चार प्रकार पाडले ते १९६३ ला, म्हणजे आयजीई सापडायच्या आधी! वरचा सगळा प्रकार टाइप १. टाइप २ मध्ये अँटीबॉडी थेट पेशीवरच बसून तिचा नाश करते, जसं चुकीच्या गटाचं रक्त चढवल्यावर होतं. टाइप ३ मध्ये अँटीबॉडी आणि ती ज्याला धरते त्या अँटीजेनच्या गुठळ्या रक्तवाहिन्यांत अडकतात. टाइप ४ मध्ये अँटीबॉडीच नाही, टी पेशी काम करतात, म्हणून निकेलच्या कानातल्याचा चट्टा मिनिटांत नाही तर एक-दोन दिवसांनी येतो आणि आयजीईची टेस्ट तिथे काहीच दाखवत नाही.

सेटिरिझिनसारख्या गोळीची मर्यादाही यातूनच कळते. ती फक्त हिस्टामिनच्या एच-१ रिसेप्टरची जागा अडवते, दाणे फुटणं थांबवत नाही आणि ल्युकोट्राइनला हातही लावत नाही. खाज, गांधी यांना ठीक आहे, पण घसा सुजला, बीपी पडलं, दम लागला तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीच्या स्नायूत आधी, गोळी नंतर, कारण आवळलेली श्वासनळी मोकळी करणं आणि रुंदावलेल्या रक्तवाहिन्या आवळणं ही दोन्ही कामं ॲड्रेनलिन करतं, गोळी करत नाही.